तारखा घ्या, आजार राहू द्या: एचआर आणि टाइम ऑफिसच्या मंडळींना खुलं पत्र

चाकण, भोसरी, तळेगाव, रांजणगाव पट्ट्यातल्या कंपन्यांमधल्या एचआर, पर्सनल आणि टाइम ऑफिसच्या सगळ्या मंडळींना नमस्कार,

मी कंपनीच्या ओएचसीत, म्हणजे आपण ज्याला डिस्पेन्सरी म्हणतो तिथे, सिस्टर म्हणून सोळा वर्षं काम करतेय. सुट्टीवरून परत आलेला प्रत्येक माणूस आधी माझ्या टेबलावर येतो, हातात सिकनेस सर्टिफिकेट आणि फिटनेस, आणि मग ते कागद पुढे तुमच्याकडे जातात. हा जो टेबल ते टेबल प्रवास आहे ना, त्याच्याबद्दलच लिहायचंय.

आधीच्या एका कंपनीत (नाव नको) असेंब्लीतली एक मुलगी मोठ्या सुट्टीवर होती, तिने घरून सर्टिफिकेटचा फोटो टाइम ऑफिसला पाठवला आणि तिथल्या क्लार्कने तो जसाच्या तसा शिफ्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं की हिची सुट्टी मंजूर आहे, लाइनला माणूस बघा. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला फक्त लाइन लीडरला कळवायचं होतं. पण त्या कागदावर तिचा गर्भपात झाल्याचं स्वच्छ अक्षरात होतं. सव्वाशे लोकांचा ग्रुप. ती परत आली तेव्हा बायका सहानुभूतीने विचारत होत्या, आता बरं आहे ना, पुन्हा होईल, आणि तिने तर सासरीसुद्धा अजून सगळ्यांना सांगितलेलं नव्हतं. दोन महिने ती कँटीनला आली नाही, डबा लॉकर रूममध्ये खायची. मी तेव्हा तिथेच होते आणि तो कागद माझ्याकडून आधी गाळून जायला हवा होता, ही पद्धतच आमच्याकडे नव्हती.

तुम्ही म्हणाल की आजार लिहिलेला कागद तुमच्याकडे डॉक्टरच पाठवतात, आम्ही काय करणार. बरोबर आहे. डॉक्टरांसाठी 2002 ची जी आचारसंहितेची नियमावली आहे तिच्यात रजेच्या सर्टिफिकेटचा नमुनाच दिलेला आहे, त्यात पेशंटची सही किंवा अंगठा, मग अमुक माणूस अमुक आजाराने ग्रस्त आहे, अमुक तारखेपासून इतके दिवस कामावर न जाणं गरजेचं आहे, असं वाक्य आहे, आजारासाठी रिकामी जागा सोडलेली. त्यामुळे फॅमिली डॉक्टर ती जागा भरतात. त्याच नियमावलीत पेशंटची गुपितं उघड करू नयेत हेही डॉक्टरांना बजावलेलं आहे. पण कागद पेशंटच्याच हातात दिला की डॉक्टरांच्या बाजूने विषय संपतो, आणि पेशंट तो भाबडेपणाने तुम्हाला देतो कारण त्याला वाटतं की आजार लिहिलेला दाखवला नाही तर सुट्टी मंजूर होणार नाही.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की मूळ सर्टिफिकेट एका जागी थांबावं आणि तुमच्याकडे त्याचा एक छोटा गोषवारा यावा. तुम्हाला नक्की काय लागतं ते बघा ना. माणूस कधीपासून कधीपर्यंत नाही, एकूण किती दिवस, कोणत्या तारखेला हजर होणार, आल्यावर कोणतं काम करू शकणार नाही आणि ते किती दिवस. पगार, मस्टर, लाइनचं प्लॅनिंग, सगळं ह्या पाच गोष्टींवर चालतं. ईएसआयचं ब्रँच ऑफिससुद्धा सिकनेस बेनिफिटसाठी कंपनीला विचारतं ते हेच, की या तारखांना हा माणूस कामावर होता का आणि त्या दिवसांचा पगार दिला का. आजार काय होता हे ते कंपनीला विचारत नाहीत.

आता हे ऐकायला सोपं वाटतं पण करताना जिथे चुकतं ते सांगते, एक केस घेऊन. ओळख पटू नये म्हणून काम थोडं बदललंय, तारखा खऱ्या पद्धतीच्या आहेत, आणि आजार काय होता ते मी तुम्हालाही सांगणार नाही, पत्र वाचून झाल्यावर बघा की तो कळल्याशिवाय तुमचं कुठे अडलं का.

एक ऑपरेटर. पहिलं सर्टिफिकेट 4 मार्च 2025 चं, त्यावर लिहिलेलं की आजपासून 21 दिवस विश्रांती. इथे पहिली चूक होते, लोक 4 मध्ये 21 मिळवतात आणि 25 पर्यंत सुट्टी लिहितात. पहिला दिवस धरायचा असतो, म्हणजे 4 ते 24 मार्च, दोन्ही टोकं धरून 21, आणि हजर व्हायची तारीख 25. मी बोटावर मोजते, मला त्यात कमीपणा वाटत नाही, कारण ह्या एका दिवसावरून माणसाचा एक दिवसाचा पगार जातो किंवा तो विनाकारण गैरहजर लागतो.

तो 25 ला आला नाही. दुसरं सर्टिफिकेट आलं 26 मार्चचं, त्यावर एवढंच की विश्रांती दोन आठवडे वाढवावी. कधीपासून? 25 पासून धरलं तर 7 एप्रिलपर्यंत, 26 पासून धरलं तर 8 पर्यंत, आणि मग 25 तारीख मध्येच उघडी पडते. अशा वेळी गोषवारा लिहिणाऱ्याने स्वतःच्या मनाने भोक बुजवायचं नसतं, ही माझी सगळ्यात कळकळीची विनंती आहे. माणूस ओळखीचा आहे म्हणून 25 घालून टाकली असं नको, आणि नियम म्हणजे नियम म्हणून गैरहजर लावली असंही नको. मी त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला आणि विचारलं की तुमच्या ह्या तारखेच्या सर्टिफिकेटमधली वाढ कोणत्या तारखेपासून धरायची. आजाराचा शब्द फोनवर काढला नाही. ते म्हणाले 24 लाच फोनवर विश्रांती सुरू ठेवायला सांगितलं होतं, तपासलं 26 ला. त्यांनी दुरुस्त सर्टिफिकेट दिलं, तपासणीची तारीख 26 च ठेवली आणि विश्रांती 25 मार्च ते 7 एप्रिल अशी स्पष्ट लिहिली. तपासणीची तारीख आणि विश्रांतीची तारीख ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकमेकींत मिसळल्या की खोटेपणाचा संशय येतो, बिचाऱ्या पेशंटची काही चूक नसताना.

एकूण झाले 35 दिवस. त्यात पाच गुरुवार आले, आपल्याकडे गुरुवारची सुट्टी, आणि मध्ये धुळवड आणि पाडवाही येऊन गेला. गोषवाऱ्यात मी 35 च लिहिते, कॅलेंडरचे सलग दिवस. त्यातले किती रजेच्या खात्यातून कापायचे हा तुमचा हिशोब आहे, माझा नाही, डॉक्टरांचाही नाही. दोन्ही एकाच कागदावर मिसळले की मग 35 की 30 ह्यावर महिनाअखेरीला भांडण होतं.

मग फिटनेस आलं 7 एप्रिलचं. 8 पासून कामावर येण्यास हरकत नाही, चार आठवडे हलकं काम, जड वजन उचलू नये, रात्रपाळी नको. आता हलकं काम म्हणजे काय हो? सुपरवायझरच्या मते हलकं म्हणजे खुर्चीवर बसून, ऑपरेटरच्या मते हलकं म्हणजे नेहमीच्यापेक्षा थोडं कमी. आणि जड म्हणजे किती? त्या डॉक्टरांनी आपली लाइन कधी पाहिलेली नाही, त्यांना कसं माहीत असणार की तिथला बिन 18 किलोचा आहे. म्हणून फिटनेस वाचून मी अंदाज लिहीत नाही, मी डॉक्टरांना कामाबद्दल लिहून पाठवते, कामगाराला सांगूनच, की याच्या स्टेशनवर 18 किलोचा बिन उचलावा लागतो, पाळीभर उभं राहावं लागतं, पाळ्या तीन आहेत, तर यातलं काय चालेल. उत्तर आलं की 5 किलोपेक्षा जास्त नको, एका वेळी तासाभरापेक्षा जास्त सलग उभं राहणं नको, तिसरी पाळी नको, 5 मेपर्यंत. चार आठवडे म्हणजे 8 एप्रिल ते 5 मे, हेही मोजून घ्या, 28 दिवस बरोबर बसतात.

ह्या एका फोनमुळे आणि एका चिठ्ठीमुळे जो फरक पडतो तो मी अनेकदा पाहिलाय. हलकं काम एवढंच लिहून गेलं की लाइनवर लगेच प्रश्न येतो, का बुवा, झालंय काय याला? आणि मग कोणीतरी कागद मागवतं. किलो आणि तास लिहून गेले की कोणी विचारतच नाही, कारण विचारायला काही उरत नाही. म्हणजे बंधनं जितकी नेमकी, तितकी आजाराची चौकशी कमी.

शेवटी तुमच्याकडे जे गेलं ते इतकंच होतं:

वैद्यकीय रजा: 4 मार्च 2025 ते 7 एप्रिल 2025, दोन्ही दिवस धरून 35 दिवस.
हजर होण्याची तारीख: 8 एप्रिल 2025.
कामावरची बंधनं: 5 किलोपेक्षा जास्त वजन नाही, सलग एक तासापेक्षा जास्त उभं राहणं नाही, तिसरी पाळी नाही.
बंधनांची मुदत: 8 एप्रिल ते 5 मे 2025, त्यानंतर ओएचसीत पुन्हा तपासणी.
मूळ सर्टिफिकेटं तीन, ओएचसीत पाहून जपून ठेवली आहेत.

खाली ओएचसीच्या डॉक्टरांची सही. सुपरवायझरकडे तर ह्यातल्या फक्त हजर होण्याची तारीख, बंधनं आणि मुदत एवढ्याच ओळी गेल्या, मागचे 35 दिवस त्याला कशाला हवेत.

बंधनांना शेवटची तारीख हवीच हवी. नाहीतर दोन गोष्टी होतात, एकतर चौथ्या दिवशीच प्रॉडक्शनचं प्रेशर आलं की बंधन विसरलं जातं, किंवा मग वर्षभर तो माणूस आजारी म्हणूनच ओळखला जातो आणि इन्क्रिमेंटच्या वेळी कोणाच्या तरी डोक्यात ते असतं.

आता आजाराचं नाव न लिहिताही आजार कसा बाहेर पडतो, हे मला तुमच्याशी नीट बोलायचंय, कारण इथे भल्याभल्यांची फसगत होते.

सगळ्यात आधी लेटरहेड. आजाराची ओळ झाकली आणि वर कॅन्सर हॉस्पिटलचं किंवा मानसोपचार तज्ज्ञांचं नाव तसंच राहिलं तर काय उपयोग? डॉक्टरांची डिग्री, शिक्का, वॉर्डचं नाव, औषधांची नावं, सगळं बोलतं. म्हणूनच मी झाकाझाकीच्या विरोधात आहे. मार्करने काळी केलेली ओळ उजेडात धरली की मागून वाचता येते, आणि पीडीएफवर काळी पट्टी ओढलेली असेल तर पुष्कळदा खालचा मजकूर सिलेक्ट करून कॉपी होतो, मी स्वतः करून दाखवलंय एका मीटिंगमध्ये, सगळे गप्प झाले होते. मूळ कागद खोडून पुढे पाठवायचाच नाही, नवा गोषवारा लिहायचा.

दुसरं, रजेचा कोड. गर्भपातानंतर कायद्याने सहा आठवडे पगारी रजा मिळते, बायकांच्या नसबंदीच्या ऑपरेशननंतर दोन आठवडे, आणि काही कंपन्यांत ह्या प्रत्येक रजेला मस्टरवर वेगळा कोड असतो. ते मस्टर शॉप ऑफिसच्या भिंतीवर लागतं! म्हणजे त्या मुलीचा फोटो ग्रुपवर गेला नसता तरी 42 दिवस आणि तो कोड पाहून हिशोब येणाऱ्याला हिशोब आलाच असता. तारखा लपवता येत नाहीत, माणूस नाही हे सगळ्यांना दिसतंच. पण कोड लपवता येतो. पेरोलमध्ये जो कोड हवा तो ठेवा, भिंतीवरच्या आणि सुपरवायझरच्या स्क्रीनवरच्या मस्टरवर सगळ्या रजांना एकच अक्षर ठेवा, कॅज्युअल असो, मेडिकल असो, मॅटर्निटी असो.

तिसरं आहे ते मला सगळ्यात अवघड वाटतं, बंधनांतूनच आजार कळणं. उंचीवर काम नको, फिरत्या मशीनजवळ नको, फोर्कलिफ्ट चालवायची नाही, ही तीन एकत्र आली की शॉपमधला जुना माणूस लगेच म्हणतो, याला फिट येतात. आणि ही बंधनं गाळता येत नाहीत, जिवाचा प्रश्न आहे, त्याच्या आणि इतरांच्याही. अशा वेळी आम्ही उलटं लिहितो. काय करू नये याची यादी सुपरवायझरला देण्याऐवजी कुठे ठेवा ते सांगतो: अमुक तारखेपर्यंत फायनल इन्स्पेक्शन टेबल किंवा पॅकिंग, ओएचसीला विचारल्याशिवाय दुसरीकडे हलवू नये. पूर्ण यादी ओएचसीत आणि फार तर एचआरमधल्या एका माणसाकडे. ह्यानेही शंभर टक्के झाकलं जातं असं नाही, पण निदान कंपनीच्या कागदाने ते सांगितलेलं नसतं.

आणि लीव्ह पोर्टल. त्यात रजेचं कारण हा रकाना भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही, शिवाय अटॅचमेंट रिपोर्टिंग मॅनेजरलाही उघडते आणि अप्रूव्हलच्या मेलसोबत आणखी दोघातिघांना जाते. लोक फाइलचं नावही मूळव्याध ऑपरेशन असं देतात, त्यांना कुठे माहीत की ते नाव नोटिफिकेशनमध्ये दिसतं. तुमच्या आयटीवाल्यांना सांगून तो रकाना नुसता वैद्यकीय असा निवडायचा करता येईल, आणि अटॅचमेंट फक्त ओएचसीच्या लॉगिनला दिसेल असं करता येईल. एका दुपारचं काम आहे, आमच्याकडे तेवढ्यातच झालं.

मला माहीत आहे तुमची खरी भीती वेगळी आहे. खोटी सर्टिफिकेटं. गणपतीत आणि पेरणीच्या दिवसांत ढीग येतो, मीही पाहते. पण खोटं पकडायला आजार वाचावा लागत नाही. डॉक्टरांचा रजिस्ट्रेशन नंबर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आहे का ते बघता येतं. त्याच 2002 च्या नियमावलीप्रमाणे डॉक्टरांनी दिलेल्या प्रत्येक सर्टिफिकेटची नोंद रजिस्टरमध्ये ठेवायची असते, पेशंटची सही आणि ओळखीची खूण सर्टिफिकेटवर घ्यायची असते आणि त्याची प्रत ठेवायची असते, त्यामुळे ह्या तारखेचं ह्या माणसाचं सर्टिफिकेट तुमच्याकडून दिलं गेलं का, एवढाच प्रश्न विचारायचा, हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्यायचं. सही आणि तारीख वेगवेगळ्या शाईची, दिवसांचा आकडा गिरवलेला, तपासणीच्या आधीच्या आठवड्याची विश्रांती, अशा गोष्टी मी रोज बघते आणि त्या सगळ्या आजाराच्या ओळीच्या बाहेरच असतात. संशय असेल तर ओएचसीच्या डॉक्टरांकडे तपासणीला पाठवा, ते तुम्हाला तारखा पटतात की नाही एवढं सांगतील.

काही वेळा आजार सांगावाच लागतो, हे मी नाकारत नाही. कामामुळेच झालेला आजार असेल तर तो सरकारला कळवायचा असतो, अपघाताच्या क्लेमला कागद लागतात. पण तिथेही तो कागद ज्या ऑफिसला जायचा त्या ऑफिसला जातो, वाटेत तुमच्या टेबलावर पडून राहायची गरज नाही. मेडिक्लेमचे कागदही थेट टीपीएकडे जाऊ द्या, आमच्याकडे पूर्वी एचआरचा एक मुलगा सगळ्यांच्या डिस्चार्ज समऱ्या गोळा करून एका फोल्डरमध्ये ठेवायचा, सोयीसाठी, आणि तो फोल्डर अख्ख्या डिपार्टमेंटला उघडत होता. कँटीनमधल्या माणसाला संसर्गाचा आजार झाला तर कँटीनच्या ठेकेदाराला एवढंच कळायला हवं की अमुक तारखेपर्यंत याला अन्नाजवळ ठेवू नका, बाकी कोणाकोणाला तपासायचं ते आम्ही बघतो. आणि एचआयव्हीच्या बाबतीत तर 2017 चा स्वतंत्र कायदाच आहे, त्या माणसाच्या संमतीशिवाय ते उघड करणं हा त्या कायद्याचा भंग ठरू शकतो.

ज्यांच्याकडे ओएचसी नाही, वीस-तीस माणसांचं वर्कशॉप आहे, त्यांनी एकच करावं. एका माणसाला हे काम द्या, मालकाला नको आणि सुपरवायझरलाही नको, कारण दोघांनाही त्या कामगाराच्या भवितव्याबद्दल रोज निर्णय घ्यायचे असतात. त्या एका माणसाने मूळ कागद बघून गोषवारा लिहावा, मूळ कागद बंद पाकिटात कुलपात, किंवा दाखवून कामगारालाच परत. कामगारांनाही सांगा की डॉक्टरांकडून आजार न लिहिता तारखा आणि बंधनं लिहिलेलं सर्टिफिकेट आणलं तरी आम्हाला चालतं. हे एक वाक्य नोटीस बोर्डवर लावलंत तरी अर्धे कागद तुमच्याकडे येणंच बंद होईल, कारण बहुतेक डॉक्टर पेशंटने मागितलं तर तसं देतात, कोणी मागतच नाही ही अडचण आहे.

ती असेंब्लीतली मुलगी आता दुसरीकडे सुपरवायझर आहे, मागे भेटली होती. तिच्या लाइनचे फिटनेस ती स्वतः उघडत नाही म्हणाली, पाकीट तसंच ओएचसीत पाठवते. तुमच्यापैकी ज्यांच्या कपाटात मागच्या वर्षांची सर्टिफिकेटं रजेच्या अर्जांना टाचून ठेवलेली आहेत त्यांना माझी विनंती आहे की ह्या महिन्यात ती सोडवून घ्या, अर्जावर तारखांची चिठ्ठी लावा आणि मूळ कागद ओएचसीत पाठवा. कोणाला गोषवाऱ्याचा नमुना हवा असेल तर वर आहे तोच घ्या, आमच्याकडे दुसरा नाही.

आपली,
चाकण पट्ट्यातल्या एका ओएचसीतली सिस्टर